धावताना कुशीत चमक का भरते?

वाचकहो, शिरपूरजवळच्या एका खेड्यातून एका शेतकरी बंधूंचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे ती करवंद रस्त्याला तीन-चार किलोमीटर धावते. पाय चांगले, दम चांगला, पण दहा-बारा मिनिटे झाली की उजव्या बरगडीखाली अशी कळ येते की तिला थांबावेच लागते. थांबली की पाच मिनिटांत दुखणे गायब. घरी येऊन ती "पोटमा दुखी ऱ्हायनं" म्हणते आणि मग सगळे घर वैद्य होते. आजी म्हणते, पानथरी हलली. मैदानावरचा शिकवणारा म्हणतो, तुझा श्वास चुकतो. आई म्हणते, पोर उपाशी धावते म्हणून दुखते, आणि ती तिला निघण्याआधी दूध-केळी देते. शेजारचे एक म्हातारे बाबा, जे तरुणपणी कुस्ती खेळत, ते म्हणतात, "कमरेला पंचा आवळून बांध आणि पळ." पत्र लिहिणाऱ्यांचा प्रश्न एवढाच, की यातले खरे कोणाचे?

प्रश्न एकट्या त्या घरचा नाही. भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. एकूण ५० गुण मैदानाचे असतात, आणि धावण्यातले काही सेकंद गेले तरी गुण जातात. खानदेशातल्या कितीतरी घरांतली मुलेमुली आज पहाटे उठून धावत आहेत, तेव्हा याचा नीट विचार करू.

आधी आजीबाईंचे म्हणणे. पानथरी म्हणजे प्लीहा. ती पोटात डावीकडे वर, बरगड्यांच्या आड असते. धावणाऱ्याला प्लीहेमुळे त्रास होतो ही समजूत फार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन ग्रंथकारांनीही असे लिहून ठेवले आहे. पण ही मुलगी उजव्या बाजूला हात ठेवते, आणि पानथरी आहे डावीकडे. जगभर पाहिले तरी चमक उजवीकडे भरणारेच जास्त असतात. त्यामुळे निरोगी माणसाच्या या साध्या कळेशी पानथरीचा संबंध लागत नाही. आजीबाईंच्या बोलण्यात एका वेगळ्या अर्थाने तथ्य आहे, पण ते पुढे सांगतो.

आता शिकवणाऱ्याचे म्हणणे. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक आडवा स्नायूचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. ते खाली गेले की फुप्फुसात हवा भरते, वर आले की बाहेर पडते. पुष्कळ वर्षे डॉक्टर मंडळीही असेच सांगत, की धावताना रक्त पायांकडे जाते, श्वासपटलाला कमी पडते आणि ते दुखू लागते. ऐकायला हे पटते. पण ऑस्ट्रेलियातले डॅरेन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर या दोन संशोधकांनी या एकाच दुखण्याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००० साली त्यांनी सहा निरनिराळ्या खेळांतल्या ९६५ खेळाडूंना विचारले, की वर्षभरात तुम्हाला ही चमक भरली का. धावणाऱ्यांत दर शंभरी सुमारे सत्तर जणांनी हो म्हटले, पोहणाऱ्यांत त्याहून थोडे जास्त, आणि गंमत म्हणजे घोड्यावर बसणाऱ्यांतही साठाच्या वर. आता घोडेस्वाराला धावणाऱ्याइतका दम लागत नाही. दम घोड्याला लागतो! मग त्याचे श्वासपटल रक्तावाचून कसे तडफडेल? पुढे २००६ साली याच जोडीने प्रत्यक्ष चमक भरलेली असताना माणसांचा श्वास मोजून पाहिला, तर फुप्फुसात हवा घेण्या-सोडण्याचे काम नेहमीसारखे चालू होते. श्वासपटल खरोखर थकले असते तर त्यात फरक दिसायला हवा होता.

दुसरे एक मत असे होते, की यकृत, जठर यांना वरून धरून ठेवणारे बंध असतात आणि धावताना धक्क्याने ते ताणले जातात. घोडेस्वाराला धक्के बसतात, तेव्हा हे मत त्याला लागू पडते. पण पोहणाऱ्याचे काय? पाण्यात कसला धक्का? आणि सर्वांत जास्त चमक तर त्यांनाच. म्हणजे हेही एकटे पुरे पडत नाही.

मग उरते काय? मॉर्टन यांचा कल ज्या कारणाकडे आहे ते समजायला सोपे आहे. आपल्या पोटाला आतून एक पातळ अस्तर असते, त्याला उदरावरण म्हणतात. त्याचे दोन पदर. एक पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला, दुसरा आतड्या-जठरावर चढलेला. दोन्हींच्या मध्ये ओलावा असतो, म्हणून ते एकमेकांवरून सहज सरकतात, जसे वंगण घातलेल्या चाकाचे आख. भिंतीकडचा पदर फार हळवा आहे. त्याला घासले किंवा ताणले की दुखणे जागच्या जागी, सुई टोचल्यासारखे कळते. जठर टम्म भरलेले असले तर ते त्या पदरावर दाबते. अंग वळत-हलत राहिले की घर्षण वाढते. धावणे, पोहणे, घोड्यावर बसणे, या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: धड सतत हलते किंवा पिळते. सायकल चालवणाऱ्याचे धड त्या मानाने स्थिर असते, आणि त्या ९६५ जणांत सायकलवाल्यांनाच हा त्रास सर्वांत कमी होता.

काहींना चमकेबरोबर खांद्याच्या टोकालाही दुखते आणि ते घाबरतात. त्याचेही उत्तर इथेच मिळते. श्वासपटलाखालच्या अस्तराची नस मानेतून येते आणि खांद्याच्या कातडीची नसही तिथूनच निघते. दुखणे खाली असले तरी मेंदूला ते खांद्याचे वाटते.

हे कारण पूर्ण सिद्ध झाले असे मात्र मी म्हणणार नाही. तज्ज्ञांत अजून एकमत नाही आणि कदाचित सगळ्यांचे कारण एकच नसेलही. पाठीच्या मधल्या मणक्यांवर अंगठ्याने दाबले तर काही धावणाऱ्यांना हीच कळ पुन्हा उठते, असेही मॉर्टन यांना आढळले. पोक काढून चालणाऱ्यांना त्रास अधिक होतो. म्हणून धावताना मान खाली घालून, खांदे पुढे ओढून धावू नये. नजर समोर वीस-पंचवीस पावलांवर ठेवावी. पण घरी आज काही बदलायचे असेल, तर पहिला हात जेवणखाणाला घालावा, कारण तिथे पुरावाही आहे आणि खर्चही नाही.

म्हणून आता आईचे म्हणणे, आणि ते जरा तपशिलाने पाहू. पत्रात मुलीचा दिवस दिला आहे. रात्री नऊ-साडेनवाला जेवण, कळण्याची भाकरी आणि भाजी. पहाटे पाचला उठते. पोट साफ व्हावे म्हणून उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात. सव्वापाचला साखर घातलेले पेलाभर दूध आणि दोन केळी. साडेपाचला रस्त्यावर. पावणेसहाच्या सुमारास चमक.

बघा, तांब्या आणि पेला मिळून लिटरभर तरी ओले, त्यावर दोन केळी, आणि मध्ये अवघा पंधरा मिनिटांचा अवकाश. जठर भरलेल्या पखालीसारखे डुचमळत असताना ती धावते आहे. सिडनी शहरात १४ किलोमीटरची एक मोठी लोकशर्यत होते. तिथल्या लोकांना मॉर्टन यांनी विचारले, तेव्हा शर्यतीआधीच्या एक-दोन तासांत ज्यांनी आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ खाल्ले होते, त्यांच्यात चमक अधिक निघाली. काय खाल्ले याने तिथे विशेष फरक पडला नाही. किती आणि केव्हा याने पडला. पिण्याच्या बाबतीत मात्र काय प्यालो यालाही महत्त्व आहे. निरनिराळी पेये पाजून धावायला लावले, तेव्हा साखरेने गच्च फळांच्या रसाने सर्वांत जास्त त्रास झाला. गोड दाट पेय जठरातून सावकाश उतरते, म्हणून पोट जास्त वेळ भरलेले राहते. आपल्याकडे हाच नियम उसाच्या रसाला, सरबताला आणि साखर घातलेल्या दुधाला लावायला हरकत नाही.

आईची माया खोटी नाही, पण वेळ चुकली. रात्री नऊला पोटभर जेवलेल्या माणसाला पहाटे अर्धा तास धावायला अंगात पुरेसा साठा असतो. दूध-केळी बंद करू नयेत, धावून आल्यावर द्यावीत. आणि तांब्याभर पाणी प्यायचेच असेल तर धावण्याआधी तासभर तरी उठावे लागेल; नाही तर उठल्यावर चार-पाच घोट घेऊन निघावे आणि बाकीचे पाणी परत आल्यावर प्यावे. रात्री धण्याधण्याने पाणी पिऊन घेतले तर पहाटे तहान लागत नाही.

ज्यांना पहाटे जमत नाही आणि शेतातली कामे उरकून संध्याकाळी धावतात, त्यांनी दुपारच्या भाकरीनंतर तीन तास तरी जाऊ द्यावेत. साडेबाराला जेवलात तर साडेतीनच्या आत नको, आणि आपल्याकडच्या उन्हात तसेही पाचच्या आधी नकोच. वरण-बट्टीचे जेवण झाले असेल त्या दिवशी चार तास धरा. तुपात भिजवलेली बट्टी पोटातून लवकर हलत नाही, हे कोणाला सांगायला नको.

बदल करताना एकच चूक बहुतेक जण करतात. ते एका दिवशी दूध सोडतात, पाणी सोडतात, श्वास बदलतात, पट्टाही बांधतात, आणि मग गुण कशाचा ते कळत नाही. पहिला आठवडा फक्त दूध-केळी मागे ढकला. बाकी सारे तसेच. वहीत रोज दोन ओळी लिहा: निघण्याआधी काय किती घेतले, आणि चमक कितव्या मिनिटाला भरली किंवा भरलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात पाणी कमी करा. पहिल्या आठवड्यात चमक बाराव्या मिनिटावरून विसाव्यावर गेली आणि दुसऱ्यात नाहीशी झाली, तर दोन्हींचा वाटा होता हे उघड झाले. काहीच फरक पडला नाही, तर पोटाचा भार हे तिचे कारण नव्हे. मग पाठीच्या ठेवणीकडे आणि सुरुवातीच्या वेगाकडे पाहावे. पहिली पाच मिनिटे अगदी हळू धावून मग वेग वाढवणे पुष्कळांना मानवते.

राहिले शेजारचे बाबा. त्यांच्या पंच्याला घरात सगळे हसले असतील, पण बाबांचा उपाय खरा ठरला आहे. १९९९ साली न्यूझीलंडमध्ये प्लंकेट आणि हॉपकिन्स यांनी धावणाऱ्यांना मुद्दाम पाणी पाजून चमक भरवली आणि कशाने थांबते ते पाहिले. कमरेला रुंद पट्टा आवळल्याने आराम पडला. पुढे वाकल्यानेही पडला, आणि पोटाचे स्नायू घट्ट करून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडल्यानेही. या तिन्हींत एकच गोष्ट घडते: पोट आतून सावरले जाते, अस्तराचे हलणे कमी होते. मुलींनी ओढणीची चार बोटे रुंद घडी करून बेंबीच्या जरा वर बांधावी. श्वास कोंडेल इतकी आवळू नये. घडीखाली दोन बोटे जेमतेम गेली पाहिजेत. मात्र परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका. आधी आठ-दहा दिवस सरावात बांधून पाहा, सवय नसली तर तीच अडचण होते.

चमक भरलीच तर काय करावे, ते क्रमाने सांगतो. दुखत असताना जोर लावू नका. वेग निम्मा करा. ज्या बाजूला कळ आहे तिथे बरगडीखाली तीन बोटांनी आत आणि थोडे वर दाबून धरा, कमरेतून किंचित पुढे झुका. आता नाकातोंडाने श्वास भरून घ्या आणि निखाऱ्यावर फुंकर घालतो तसा ओठ आवळून पूर्ण सोडा. असे आठ-दहा श्वास झाले की बहुतेकांची कळ उतरते. नाही उतरली तर थांबा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाका आणि तसेच श्वास सोडा. सरावात थांबण्यात काही कमीपणा नाही. पाच मिनिटे गेली तर गेली.

शिकवणारे श्वासाची दुसरी एक युक्ती सांगतात: डावा पाय टेकताना श्वास सोडायचा, कारण यकृत उजवीकडे आहे. याला भक्कम पुरावा मला कुठे दिसला नाही. पण त्यात अपायही नाही, आणि पावलांशी श्वास जुळवला की माणूस आपोआप हळू व खोल श्वास घेतो, हा फायदा आहेच. तेव्हा शिकवणाऱ्याशी वाद घालू नये. त्यांचे कारण बरोबर नसले तरी खोल श्वासाचा सल्ला चांगला आहे.

परीक्षेच्या दिवसाची गोष्ट वेगळी असते. मैदानावर पहाटेच बोलावतात आणि नंबर केव्हा लागेल याचा नेम नाही. काही मुले उपाशी राहून चक्कर येऊन पडतात, काही जण कंटाळून फाटकाबाहेर वडापाव आणि उसाचा रस घेतात आणि तासाभरात नाव पुकारले जाते. दोन्ही टाळावे. निघताना घरून पाव भाकरी किंवा एक केळे खावे. थांबावे लागले तर दर तासाला चतकोर भाकरी किंवा अर्धे केळे, याहून जास्त नाही. पाणी घोटाघोटाने, एका वेळी दोन-तीन घोट. आपल्या आधीच्या तुकडीची नावे पुकारली की खाणे बंद.

आता आजीबाईंच्या पानथरीकडे परत येतो, कारण इथे हयगय करून चालणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या भागात, विशेषतः आदिवासी बंधूंच्या घरांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, आणि पानथरीवरही आघात होतो. अशा मुलाला अतिश्रमाने, तहानेने किंवा थंडीने पोटात, छातीत, हातापायांच्या हाडांत भयंकर कळा येतात. त्या विश्रांतीने पाच मिनिटांत जात नाहीत, तासन् तास, कधी दिवसभर राहतात. अशी कळ "धावल्यामुळे चमक भरली" म्हणून घरी शेकत बसू नका. घरात कोणाला सिकलसेल असेल, मुलाचे डोळे वरचेवर पिवळे होत असतील, सांधे दुखून तो शाळा बुडवत असेल, तर धावण्याची तयारी सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. नुसता वाहक असलेला मुलगा धावू शकतो. पण त्याने डॉक्टरांना तसे सांगावे, उन्हात जोर करू नये आणि पाण्याची आबाळ करू नये. हिवतापानंतरही पानथरी काही काळ सुजलेली राहू शकते. डाव्या बरगडीखाली गाठ लागत असेल तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत धावणे बंद.

साध्या चमकेची ओळख अशी: ती बरगडीखाली असते, बोटाने दाखवता येते, धावताना येते आणि थांबल्यावर थोड्या वेळात जाते. कळ थांबूनही राहिली, बसल्या जागी आली, खाली उजव्या ओटीपोटात उतरली, पाठीकडून जांघेकडे गेली, बरोबर ताप, उलटी किंवा लालसर लघवी झाली, तर ती चमक नव्हे. आणि चाळिशीपुढच्या माणसाला श्रम करताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटून आले, तर त्याने कमरेला पंचा बांधत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

पत्राच्या शेवटी विचारले आहे, की धावून आल्यावर लगेच खाल्ले तर चालेल का. चालेल. आल्यावर पाच-दहा मिनिटे चालून अंग निववावे, पाणी प्यावे, आणि मग ती दोन केळी व दूध खुशाल द्यावे. अर्ध्या-पाऊण तासाने भाकरीही.